कोटेशनमधला ‘एफ’

सांगलीत ओळखीच्या एका सीएंच्या ऑफिसात जुने संगणक काढून आठ नवे घ्यायचे ठरले. काम नेहमीचंच. टॅली, एक्सेल, जीएसटीचं आणि इन्कम टॅक्सचं पोर्टल, पीडीएफवर सह्या, अधूनमधून पक्षकारांशी व्हिडिओ कॉल. प्रत्येक टेबलावर दोन मॉनिटर, म्हणजे एकावर वह्या आणि दुसऱ्यावर रिटर्न. दोन दुकानांतून कोटेशनं आली होती. सीएंनी दोन्ही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, “ह्याच्यात टू जीबी ग्राफिक्स कार्ड वेगळं देतायत आणि पैसे जवळजवळ सारखेच. मग हेच घेऊ ना?”

पहिल्या कोटेशनात प्रोसेसर होता i5-12400F, रॅम आठ जीबीची एक पट्टी आणि ‘२ जीबी ग्राफिक्स कार्ड’. दुसऱ्यात i5-12400, आठ-आठच्या दोन पट्ट्या आणि कार्डाचा उल्लेखच नाही. एसएसडी, कॅबिनेट, एसएमपीएस सगळं दोन्हीकडे सारखं. वरवर पाहिलं तर पहिल्यात एक वस्तू जास्त मिळते. ती वस्तू तिथे का आली, हे कळायचं तर प्रोसेसरच्या आकड्यामागचं ते ‘एफ’ पाहावं लागतं.

पडद्यावर जे दिसतं ते कुणीतरी सतत रंगवत असतं. हे काम ग्राफिक्सच्या चिपचं. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या ऑफिसच्या संगणकात ही चिप मदरबोर्डावर असायची, म्हणून बोर्डाला मॉनिटरचं सॉकेट दिसलं की चित्र येणार याची खात्री असायची. २०१० मध्ये इंटेलने ग्राफिक्स प्रोसेसरच्या पॅकेजमध्ये आणलं आणि २०११ पासून ते प्रोसेसरच्याच सिलिकॉनच्या तुकड्यावर आलं. बोर्डावर उरली ती फक्त सॉकेटं आणि त्यांच्यापर्यंतचे तांब्याचे रस्ते. आज मदरबोर्डाच्या मागचं एचडीएमआय हे नुसतं दार आहे. चित्र आत, प्रोसेसरात तयार होतं. प्रोसेसरात ग्राफिक्स नसेल तर त्या दाराला केबल लावून काहीच येत नाही. पंखे फिरतात, कीबोर्डाचा दिवा लागतो आणि मॉनिटरवर “No Signal” फिरत राहतं. दुकानदार फोनवर “मॉनिटर तपासा” म्हणतो आणि अर्धा दिवस मॉनिटर बदलून बघण्यात जातो.

इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत ‘एफ’ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद. ‘केएफ’ असेल तरी तेच. ही मालिका २०१९ च्या सुरुवातीला आली. सिलिकॉनवर ग्राफिक्सचा भाग असतो, पण कारखान्यातच तो कायमचा बंद केलेला असतो. ज्या तुकड्यांत नेमका तोच भाग सदोष निघतो तेही अशा रीतीने विकता येतात. गेम खेळणारा माणूस तसंही मोठं कार्ड घेतो, त्याला आतल्या ग्राफिक्सचा उपयोग नसतो, त्यामुळे त्याच्यासाठी ही सवलत रास्त आहे. बायोसमध्ये जाऊन ते परत सुरू करता येत नाही. यूट्यूबवर कुणी तसं दाखवत असेल तर वेळ घालवू नये.

एएमडीची रीत उलटी आहे आणि गोंधळ तिथे जास्त होतो. एएम४ सॉकेटच्या रायझनमध्ये ग्राफिक्स हवं तर आकड्यामागे ‘जी’ लागतो. Ryzen 5 5600G मध्ये ते आहे, 5600 मध्ये नाही, 5500 मध्येही नाही. नंतरच्या एएम५ सॉकेटवर, म्हणजे २०२२ च्या शेवटी आलेल्या ७००० मालिकेपासून, बहुतेक साध्या प्रोसेसरांतही छोटं ग्राफिक्स दिलेलं आहे. 7600 ला ‘जी’ नाही, तरी चित्र येतं. पण तिथेही 7500F आणि 8400F आहेतच, आणि त्यांतला ‘एफ’ इंटेलसारखाच वाचायचा. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे जुन्या झिऑनचे जोड, म्हणजे सर्व्हरमधून काढलेला Xeon E5 आणि नवा चिनी बोर्ड, यांत ग्राफिक्स नसतंच.

आता पहिल्या कोटेशनाचा हिशोब लागतो. ‘एफ’ घेतल्यावर कार्ड घालावंच लागतं, नाहीतर पडदा काळा राहील. म्हणजे कार्ड ही भेट नव्हे, काढून घेतलेल्या वस्तूची भरपाई आहे. २०२२ च्या जानेवारीत हे प्रोसेसर आले तेव्हा इंटेलची यादीतली किंमत i5-12400 साठी १९२ डॉलर होती आणि 12400F साठी १६७. फरक २५ डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या दराने दोन हजार रुपयांच्या आतबाहेर. या फरकात नवं, पॅकबंद, कामाचं ग्राफिक्स कार्ड बसत नाही. त्यातून बसवायचंच तर सगळ्यात खालचं, सगळ्यात जुनं कार्ड बसतं. किंवा मग रॅमची एक पट्टी कमी होते. या कोटेशनात दोन्ही झालं होतं.

कार्डाचं नाव कोटेशनात नव्हतं. दुकानाला फोन करून विचारलं तर उत्तर आलं, “जीटी सातशे दहा, टू जीबी, एकदम चालू आयटम.” चालू आहेच. हे कार्ड दुकानांत २०१६ मध्ये आलं आणि त्यातल्या चिपची घडण २०१२ ची. ते वाईट होतं असं नाही. ज्यांच्या संगणकाला ग्राफिक्सच नव्हतं, किंवा ज्यांना आणखी एक मॉनिटर जोडायचा होता, त्यांची त्याने सोय केली. प्रश्न एवढाच की i5-12400 च्या पोटात फुकट बसलेल्या ग्राफिक्सपेक्षा ते पुढे आहे का.

आधी पाहू ऑफिसच्या पडद्याला लागतं किती. फुल एचडी मॉनिटरवर १९२० आडवे आणि १०८० उभे, म्हणजे साधारण २० लाख ७४ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला चार बाइट धरले तर पडद्याचं एक पूर्ण चित्र ८ एमबीच्या आसपास होतं. सेकंदाला साठ वेळा ते मॉनिटरकडे पाठवायचं म्हणजे अर्धा जीबी. दोन मॉनिटरचा एक जीबी. साध्या डीडीआर४ ३२०० रॅमची एकच पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती हलवू शकते. दोन मॉनिटर जागे ठेवायला त्यातले चार टक्के लागतात. विंडोज प्रत्येक खिडकी वेगळी रंगवून एकावर एक रचतं, ब्राउझर आपल्या टॅबसाठी आणखी काही घेतो. हे सगळं धरलं तरी ऑफिसचं काम काहीशे एमबीच्या घरात राहतं. टॅलीच्या पडद्यावर दर सेकंदाला साठ वेळा नवं काही घडतही नाही.

म्हणून ‘टू जीबी’ या शब्दांना इथे वजन नाही. ती कार्डावरच्या साठवणीची जागा आहे, वेग नव्हे. जागा लागते ती गेमच्या मोठमोठ्या चित्रांना, त्रिमिती मॉडेलांना. कार्डाचा वेग ठरतो आतल्या चिपवर आणि त्या साठवणीतून माहिती किती भराभर हलते यावर. जीटी ७१० च्या नेहमी मिळणाऱ्या डीडीआर३ प्रकारात हा वेग सेकंदाला १४.४ जीबी आहे. वर जो रॅमच्या एका पट्टीचा आकडा आला त्याच्या जवळजवळ निम्मा. दोन पट्ट्या जोडीने लावल्या तर रॅमचा वेग ५१.२ होतो. म्हणजे स्वतःची मेमरी असलेलं ‘स्वतंत्र’ कार्ड हे रॅम उसनी घेणाऱ्या आतल्या ग्राफिक्सपेक्षा मेमरीच्या वेगात मागे पडतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण दोघांमधली मधली वर्षं पाहिली की नवल वाटत नाही.

दुसरा फरक व्हिडिओचा, आणि ऑफिसात तो मेमरीपेक्षा जास्त जाणवतो. यूट्यूबवरचा व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो. संगणकाला तो उलगडावा लागतो. दाबण्याच्या पद्धती वर्षांगणिक बदलत आल्या. आधी एच.२६४, मग व्हीपी९, आणि अलीकडे एव्ही१. ग्राफिक्सच्या चिपमध्ये या उलगडण्यासाठी वेगळा विभाग असतो. ज्या पद्धतीसाठी तो घडवला असेल तीच त्याला येते. i5-12400 मधलं ग्राफिक्स, ज्याचं नाव पडद्यावर Intel UHD Graphics 730 असं दिसतं, या तिन्ही पद्धती उलगडतं. जीटी ७१० ला व्हीपी९ आणि एव्ही१ येत नाही. मग ते काम प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. सहा कोअरचा प्रोसेसर ते निभावतो, व्हिडिओ अडत नाही. पण प्रशिक्षणाचा व्हिडिओ एका पडद्यावर आणि मोठी एक्सेल फाइल दुसऱ्यावर असेल तर पंखा वाढलेला ऐकू येतो, आणि ज्या कामासाठी प्रोसेसर घेतला त्याचा काही वाटा चित्र उलगडण्यात जातो.

हे स्वतः पाहता येतं. व्हिडिओ लावा, Ctrl+Shift+Esc दाबून टास्क मॅनेजर उघडा, Performance मध्ये GPU वर जा. तिथल्या छोट्या आलेखांत एक Video Decode नावाचा असतो. व्हिडिओ चालू असताना त्यात हालचाल दिसली तर काम योग्य ठिकाणी चाललंय. तो सपाट आणि CPU चा आलेख वर, असं असेल तर ग्राफिक्स नुसतं बसून आहे.

तिसरी गोष्ट ड्रायव्हरची. जीटी ७१० च्या पिढीला एनव्हिडियाने २०२१ मध्ये नियमित नवे ड्रायव्हर देणं थांबवलं. सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२४ पर्यंत मिळाल्या. कार्ड त्यामुळे बंद पडणार नाही. पण नवा संगणक पाच-सहा वर्षं वापरायचा आणि त्यातला एक भाग पहिल्याच दिवशी सेवानिवृत्त, हा व्यवहार मला पटत नाही. जीटी २१० किंवा ६१० अशी त्याहून जुनी नावं दिसली तर बोलायलाच नको.

आणि कार्ड ही एक वेगळी वस्तू आहे, म्हणून ती वेगळी बिघडू शकते. आपल्याकडची धूळ बारीक पंख्यावर बसते, पंखा घरघरतो, एक दिवस थांबतो. खाचेत बसणारे कार्डाचे सोनेरी दात मळतात, मग तंत्रज्ञ येऊन खोडरबराने घासून परत बसवतो आणि पुढचे काही महिने निभतात. ज्या यंत्रात प्रोसेसरातच ग्राफिक्स आहे तिथे कार्ड गेलं तर केबल बोर्डाला लावून काम पुढे नेता येतं. ‘एफ’च्या यंत्रात कार्ड गेलं की यंत्र आंधळं झालं. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला तसं झालं तर आतला डेटा शाबूत असूनही त्याचा उपयोग नाही.

सीएंचा यावरचा प्रश्न बरोबर होता. “मग आतल्या ग्राफिक्सचं काहीच नुकसान नाही?” एक आहे. त्याला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्या रॅममधून घेतं. इंटेलमध्ये हे गरजेपुरतं घडतं. टास्क मॅनेजरमध्ये Shared GPU memory समोर रॅमच्या निम्मा आकडा दिसला की लोक घाबरतात. ती मर्यादा असते, तेवढं बाजूला काढून ठेवलेलं नसतं. एएमडीच्या ‘जी’ प्रोसेसरांत मात्र बायोस काही रॅम खरोखरच राखून ठेवतो. आठ जीबीच्या यंत्रात कधी अर्धा जीबी, कधी दोन जीबी. Memory च्या पानावर Hardware reserved समोर तो दिसतो. ऑफिसच्या कामाला दोन जीबी राखायची गरज नसते. बायोसमध्ये UMA Frame Buffer Size अशा नावाची नोंद शोधून ते ५१२ एमबीवर आणता येतं.

म्हणून आतलं ग्राफिक्स घ्यायचं तर रॅममध्ये हात आखडू नये. एकच पट्टी घातली तर रॅमचा वेगही निम्मा आणि प्रोसेसर व ग्राफिक्स दोघे त्याच एका रस्त्यावर. सोळा जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात, आणि बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांतच लावाव्यात. बोर्डावर दोनच खाचा असतील तर प्रश्न नाही. चार असतील तर बहुधा एकाआड एक लावायच्या असतात. शेजारीशेजारी लावल्या तर जोडी जमत नाही आणि पैसे खर्चून वेग एका पट्टीचाच राहतो. हे टॅलीत कळणार नाही. मोठ्या स्कॅन केलेल्या पीडीएफ भराभर सरकवताना, दोन मॉनिटर आणि व्हिडिओ कॉल एकत्र चालू असताना कळतं.

‘आतलं ग्राफिक्स कमी पडतंय’ या तक्रारीमागे बऱ्याचदा भलतंच कारण निघतं. विंडोज नव्याने टाकलं आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलाच नाही, हे सगळ्यात नेहमीचं. अशा वेळी अक्षरं मोठी आणि फुगलेली दिसतात, रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वर अडकतं, दुसरा मॉनिटर सापडत नाही, पान खाली सरकवताना झटके बसतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये Display adapters उघडलं की तिथे Intel किंवा AMD ऐवजी Microsoft Basic Display Adapter असं लिहिलेलं असतं. म्हणजे ग्राफिक्सची चिप जागेवर आहे, पण विंडोजला तिच्याशी बोलता येत नाही. इंटेलच्या किंवा एएमडीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून टाकला की दहा-पंधरा मिनिटांत सगळं जागेवर येतं. याच तक्रारीवर कार्ड खपवलेलं मी पाहिलंय. कार्डासोबत त्याचा ड्रायव्हर येतो, पडदा सुधारतो आणि गिऱ्हाइकाची खात्री पटते की कार्डच हवं होतं.

दुसरं कारण सॉकेटांचं. घेतलाच मोठा ४के मॉनिटर, आणि बोर्डाचं एचडीएमआय जुन्या १.४ प्रकारचं असेल, तर चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलतं. माउसचा बाण हातामागून ओढत आल्यासारखा वाटतो. दोष ग्राफिक्सचा नसतो, दाराचा असतो. बोर्डाला डिस्प्लेपोर्ट असेल तर केबल तिथे हलवली की बाण ताळ्यावर येतो. त्यामुळे बोर्ड घेताना चिपसेटच्या नावाइतकंच त्याच्या मागच्या बाजूचं चित्र पाहावं. किती सॉकेटं आहेत, कोणती आहेत आणि आपल्या मॉनिटरांना कोणती लागतात. सांगलीच्या ऑफिसात प्रत्येक टेबलावर एक जुना मॉनिटर होता आणि त्याला निळं व्हीजीए सोडून दुसरं तोंड नव्हतं. अशा ठिकाणी व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही असलेला साधा बोर्ड सोयीचा पडतो, दोन्ही मॉनिटर एकाच वेळी चालतात. हल्लीच्या मोठ्या कार्डांना तर व्हीजीए नसतंच, कन्व्हर्टर शोधत फिरावं लागतं.

शेवटी आम्ही दुसरं कोटेशनही जसंच्या तसं घेतलं नाही. सात टेबलांसाठी i5-12400 काढून i3-12100 लिहिलं. या दोघांत ग्राफिक्स एकच, UHD 730. त्यामुळे पडद्यावर फरक पडणार नव्हता. टॅली आणि पोर्टल यांना चार कोअर पुरतात. यादीतल्या किमतीत i3-12100 चे १२२ डॉलर होते, i5 चे १९२. बचत करायची तर ती अशी सत्तर डॉलरची करावी. पंचवीस डॉलरसाठी ग्राफिक्स सोडून देण्यात अर्थ नाही. i3 मध्येही 12100F आहेच, तो नेमका टाळायचा. एक i5 ठेवला तो ऑडिटची लाखभर ओळींची शीटं ज्या आर्टिकलच्या टेबलावर उघडतात तिथे. आठही ठिकाणी आठ-आठच्या दोन पट्ट्या.

दुकानदाराला दोन गोष्टी लेखी द्यायला सांगितल्या. बिलावर प्रोसेसरचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट, आणि बोर्डाचं पूर्ण नाव. ‘आय थ्री ट्वेल्थ जनरेशन’ एवढं चालणार नाही. माल आल्यावर खोकी न मोजता प्रत्येक यंत्र दोन्ही मॉनिटर लावून सुरू केलं, टास्क मॅनेजरच्या CPU पानावर प्रोसेसरचं नाव वाचलं आणि GPU 0 च्या खाली UHD 730 आहे का ते पाहिलं. सात-आठ यंत्रांना याला तासभर लागतो. प्रोसेसर एकदा हीटसिंकखाली गेला की वरून काही दिसत नाही, म्हणून हा तास द्यावा.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक आर्किटेक्ट बसतात. सीएंचं पाहून त्यांनीही तेच कोटेशन मागवलं. त्यांना मी ते घेऊ नका म्हटलं. ऑटोकॅडमधली सपाट ड्रॉइंगं आतल्या ग्राफिक्सवर चालतात, नकाशा मंजुरीपुरतं काम असेल तर तेवढ्यावर भागेल. पण ते स्केचअपमध्ये बंगला उभा करतात आणि ल्युमियनमध्ये त्याला झाडं, ऊन, काचेतलं प्रतिबिंब घालून गिऱ्हाइकाला फिरवून दाखवतात. हे काम पूर्णपणे ग्राफिक्स कार्डावर चालतं आणि UHD 730 वर त्याचा नाद करू नये. तिथे एका पडद्याला अर्धा जीबी हा हिशोब लागू नाही. कारण पडद्यावर चित्र पाठवणं हे त्यातलं क्षुल्लक काम, खरं काम ते चित्र मुळातून गणित करून तयार करण्याचं. तेव्हा ‘टू जीबी’ खरोखर कमी पडतात आणि कार्डाची मेमरी आठ जीबी असावी की बारा हा प्रश्न अर्थपूर्ण होतो. व्हिडिओ एडिटिंग करणारा स्टुडिओही याच रांगेत येतो. उलट पत्रिका आणि बॅनर करणारा कोरलड्रॉवाला सीएंच्या रांगेत येतो, त्याने रॅम वाढवावी.

आर्किटेक्टांसाठी ‘एफ’ चुकीचा नव्हता. मोठं कार्ड येणारच होतं. तरीही मी त्यांना ‘एफ’ नसलेलाच घ्यायला सांगितलं, आणि बायोसमध्ये iGPU Multi-Monitor चालू करायला. तसं केलं की कार्डावर दोन मोठे मॉनिटर राहतात आणि ईमेल-व्हॉट्सॲपचा तिसरा जुना मॉनिटर बोर्डाच्या सॉकेटावर चालतो. ते केलं नाही तर कार्ड बसवल्यावर बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप झोपवतात आणि तिथे लावलेली केबल गप्प राहते. आणखी एक हेतू होता. मोठी कार्डं वॉरंटीत दुरुस्तीला गेली की परत यायला काही आठवडे सहज लागतात. तेवढे दिवस ल्युमियन बंद राहील, पण ड्रॉइंग उघडून प्लंबरला माप सांगणं तरी थांबणार नाही.